मास्क काढण्याआधी ऑक्सिजन बंद करा

वॉर्डमधल्या सिस्टर, ब्रदर, मामा आणि मावशींना,

रुग्णाला जेवायला बसवताना मास्क काढून उशीशेजारी ठेवला जातो आणि सिलिंडर मात्र मिनिटाला ५ लिटरने चालूच राहतो. २० मिनिटांत १०० लिटर ऑक्सिजन चादरीत, ब्लँकेटमध्ये, रुग्णाच्या कपड्यांत मुरतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो स्वतः जळत नाही. पण हवेतलं त्याचं २१ टक्क्यांचं प्रमाण थोडं वाढलं, तरी कापड आणि केस क्षणात भडकतात. तेवढ्यात एखाद्या नातेवाइकाने उशाशी उदबत्ती लावली, तर एक ठिणगी पुरते.

म्हणून आधी फ्लो बंद करा, मग मास्क काढा. चुकून चालू राहिलाच, तर पांघरूण झटका, खिडक्या उघडा आणि किमान १५ मिनिटं जाऊ द्या. उदबत्ती, निरांजन, काडेपेटी, बिडी वॉर्डात नकोच. नातेवाइकांची श्रद्धा मला समजते. त्यांना प्रेमाने सांगा, पण सूट कुणालाही देऊ नका.

सिलिंडर बदलताना हाताला तेल, व्हॅसलीन नसावं. सॅनिटायझर पूर्ण वाळलेलं असावं. भरलेल्या सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे १५० पट असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, की रेग्युलेटरमध्ये वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि तिथला तेलाचा अंश पेटू शकतो. बाजूला उभं राहून चावी सावकाश फिरवा.