दोन उजेडांची बेरीज

नाटकाच्या मागच्या पडद्यावर विंगेपासून विंगेपर्यंत पसरलेला समुद्रकिनारा हल्ली अनेकदा दिसतो. तो बहुतेक वेळा एका प्रोजेक्टरचा नसतो. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावलेले असतात आणि त्यांची चित्रं मधोमध अशी मिसळलेली असतात की सांधा कुठे आहे ते कळू नये. या मिसळण्याला एज ब्लेंडिंग म्हणतात.

हा प्रश्न जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये 30 सप्टेंबर 1952 रोजी सिनेरामाचा पहिला खेळ झाला, तेव्हा वक्र पडद्यावर तीन प्रोजेक्टर एकच रुंद चित्र दाखवत होते. सांधे पुसट व्हावेत म्हणून प्रोजेक्टरमध्ये चित्राच्या कडेला बारीक दातेरी पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्या वेगाने वरखाली थरथरत. तरीही आकाशासारख्या उजळ, सपाट भागात सांधा दिसायचाच. आज त्या पट्ट्यांचं काम संगणक करतो, पण अडचण तीच आहे.

समजा, पडदा 9.6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे. एका फुल एचडी प्रोजेक्टरने एवढी रुंदी भरायची तर चित्राची उंची 5.4 मीटर होते. त्यातली 2.4 मीटर पडद्याबाहेर, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वाया. त्याऐवजी दोन प्रोजेक्टर घेतले तर प्रत्येकाचं चित्र 5.33 मीटर रुंद ठेवता येतं आणि मधला सुमारे 1.07 मीटरचा पट्टा दोघांच्या वाट्याला येतो. पिक्सेलमध्ये मोजलं तर पूर्ण चित्र 3456 रुंद. डावा प्रोजेक्टर त्यातले पहिले 1920 दाखवतो, उजवा शेवटचे 1920, आणि मधले 384 दोघंही दाखवतात. चित्रं नुसती एकमेकांना टेकवून का ठेवत नाहीत? कारण प्रोजेक्टर किंचित हलला, तरी मध्ये काळी फट किंवा पांढरी रेघ उमटते.

मांडवात दोन सतरंज्या एकमेकींवर थोड्या चढवून अंथरल्या की वरची खालचीला झाकते. उजेड मात्र उजेडाला झाकत नाही, त्यात मिळतो. म्हणून सामाईक पट्टा आपोआप दुप्पट उजळ दिसतो. उपाय असा, की त्या पट्ट्यात डाव्याचा उजेड हळूहळू शून्यावर उतरवायचा आणि उजव्याचा त्याच मापाने चढवायचा. कुठेही मोजा, बेरीज एकच आली पाहिजे.

इथे पहिला खड्डा आहे. पट्ट्याच्या ऐन मध्यावर दोघांनी निम्मा निम्मा उजेड द्यायचा, म्हणून दोघांना निम्मा सिग्नल पाठवला, तर मधोमध काळपट पट्टा उमटतो. सिग्नल आणि उजेड सरळ प्रमाणात चालत नाहीत. निम्म्या सिग्नलला प्रोजेक्टर सुमारे 22 टक्केच उजेड देतो. दोघांचे मिळून 44 टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. खरा निम्मा उजेड हवा असेल तर सिग्नल सुमारे 73 टक्के द्यावा लागतो. या नात्याला गॅमा म्हणतात. वरचे आकडे 2.2 या नेहमीच्या गॅमाचे आहेत, पण प्रत्येक प्रोजेक्टर ते मूल्य तंतोतंत पाळतोच असं नाही. म्हणून शेवटची जुळवणी डोळ्यांनी होते. पडदाभर मध्यम करडा रंग दाखवायचा. मधला पट्टा काळपट दिसला तर उताराची कमान थोडी वर उचलायची, उजळ दिसला तर खाली आणायची.

पण मिसळण्यापूर्वी दोन्ही प्रोजेक्टर एकसारखे उजळ असायला हवेत. एकाच मॉडेलचे दोन प्रोजेक्टरही सारखे नसतात, कारण दिवा जितके तास जळतो तितका मंदावत जातो. दोन्ही अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावेत, पूर्ण पांढरं चित्र लावावं आणि एकाचं भिंग झाकून दुसऱ्याच्या चित्राच्या मध्यावर लक्स मीटर धरावं. डाव्याचे 300 लक्स आले आणि उजव्याचे 260, तर डाव्याला 260 वर उतरवायचं. मंद दिव्याला वर नेता येत नाही, त्यामुळे जोडी नेहमी अशक्त भिडूच्या चालीने चालते. हे उतरवणं दिव्याची ताकद कमी करून करावं. ते शक्य नसेल तर लाल, हिरवा, निळा या तिन्हींचा गेन कमी करावा. मेनूतला ब्राइटनेस फिरवला की काळा रंगही बदलतो आणि पुढचं गणित बिघडतं. रंगाची झाकही इथेच जुळवायची, आणि ती पांढऱ्याबरोबर करड्यावरही तपासायची. दिव्याची आपोआप कमी-जास्त होणारी सेटिंग्ज दोन्हींवर बंद हवीत. ती चालू राहिली तर डावीकडे रात्र आणि उजवीकडे दिवा असलेल्या दृश्यात प्रत्येक प्रोजेक्टर आपापल्या मनाने उजेड बदलतो आणि सांधा उघडा पडतो.

सगळ्यात हट्टी असतो तो काळा रंग. प्रोजेक्टरचा काळा म्हणजे पूर्ण अंधार नव्हे, थोडा उजेड गळतोच. एकाचा गळता उजेड 0.2 लक्स असेल, तर सामाईक पट्ट्यात तो 0.4 होतो. हा उजेड सिग्नल शून्य असतानाही येतो, म्हणून उतार कितीही नीट आखला तरी तो कमी होत नाही. मग उलटं करावं लागतं: बाकीच्या पडद्याचा काळा वर उचलून 0.4 ला आणायचा. पट्टा दिसेनासा होतो, पण 260 लक्सचा पांढरा आणि 0.2 चा काळा यांत जे 1300 पटींचं अंतर होतं, ते 650 वर येतं. रात्रीचं दृश्य तितकं फिकं होतं. सभागृहात थोडाही उजेड असेल तर हा 0.2 लक्स त्यात बुडून जातो, तेव्हा ही किंमत मोजू नये. संपूर्ण अंधाराच्या तारांगणांत आणि सिम्युलेटरमध्ये भिंगासमोर प्रत्यक्ष पट्टी बसवतात. ती सिग्नलबरोबर गळता उजेडही अडवते.

दोष कुठला, हे त्याच्या रूपावरून ओळखता येतं. करड्यावर पट्टा दिसला तर कमान चुकली आहे. फक्त काळ्यावर दिसला तर तो गळता उजेड. एक बाजू सगळी उजळ आणि दुसरी मंद असेल तर दिवे जुळलेले नाहीत. पट्ट्यात अक्षरं दुहेरी दिसली तर चित्रंच एकमेकांवर बसलेली नाहीत. अशा वेळी एकाकडून लाल आणि दुसऱ्याकडून हिरवी जाळी दाखवावी, रेघा जुळल्या की त्या पिवळ्या होतात. आणि खुर्ची बदलली की सांधा बदलत असेल, तर दोष पडद्याचा. चकाकणारा पडदा प्रत्येक प्रोजेक्टरचा उजेड वेगळ्या दिशेला फेकतो, त्यामुळे डावीकडच्या आणि उजवीकडच्या प्रेक्षकाला दोन निरनिराळी चित्रं दिसतात. यावर संगणकात उपाय नाही. साधा, चमक नसलेला पांढरा पडदाच घ्यावा लागतो.

जुळवणी एकदा केली की कायमची झाली, असंही नाही. दिवे आपापल्या गतीने उतरत राहतात, एकाचा बदलला तर फरक एकदम वाढतो. म्हणून दिवे जोडीनेच बदलावेत, आणि प्रयोगाआधी पडद्यावर आधी पांढरा, मग करडा, मग काळा दाखवून तिन्हींत सांधा शोधावा. निव्वळ पांढऱ्यावर तपासणी केली तर काळ्यातला पट्टा प्रयोगात, पहिल्या अंधारातच, सगळ्या सभागृहाला दिसतो.