आभारपत्रातील खोच

आभार मानणारे वाक्य टोमण्यासारखे वाचले जाते, तेव्हा त्याचे मूळ बहुधा 'आभार', 'ऋणी' किंवा 'धन्यवाद' या शब्दांत नसते. ते त्यांच्या आजूबाजूला आलेल्या काळाच्या, प्रमाणाच्या आणि जोर देणाऱ्या लहान शब्दांत असते. 'अखेर', 'एकदाचे', 'तरी', 'निदान', 'का होईना' यांसारखे शब्द आणि शब्दाच्या शेवटी चिकटणारे 'च' आणि 'ही' ही प्रत्ययासारखी अव्यये, हे सारे लिहिणाऱ्याच्या मनात चाललेला हिशेब वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवतात. मुद्दाम शालजोडीतून मारलेला टोला निराळा, कारण तेथे लिहिणाऱ्याला तो हिशेब पोहोचवायचाच असतो. येथे विचार करायचा आहे तो मनापासून आभार मानू इच्छिणाऱ्या माणसाच्या हातून नकळत लिहिल्या जाणाऱ्या खोचेचा, आणि ती कोठे आहे हे ओळखून काढून टाकण्याच्या कामाचा.

स्तुतीचे शब्द उलट अर्थ कसा देतात, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी हाताळला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याच्या 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'अत्यंततिरस्कृतवाच्य ध्वनी' नावाचा एक प्रकार सांगितला आहे, म्हणजे ज्यात शब्दांचा सरळ अर्थ पूर्णपणे बाजूला सारला जातो आणि त्याच्या जागी दुसराच अर्थ उभा राहतो असे सूचन. त्यासाठी दिलेले उदाहरण नेमके आभारप्रदर्शनाचे आहे: अपकार करणाऱ्या माणसाला उद्देशून बोलणारा त्याच्या उपकारांची आणि सौजन्याची वाखाणणी करतो, आणि असेच वागत राहून दीर्घकाळ सुखाने जगावे असे इच्छितो. त्यात एकही कठोर शब्द नाही. उपकार झालेला नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि तेवढ्यावरच सगळी स्तुती उलटी फिरते. यातून संपादनाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते: आभाराचे वाक्य खोचक आहे की नाही, हे नुसत्या वाक्याकडे पाहून ठरत नाही, तर ज्या घटनेबद्दल ते लिहिले आहे ती घटना आणि वाक्य एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागते.

ही पडताळणी प्रत्यक्षात कशी होते, हे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पत्रव्यवहारात चांगले दिसते, कारण तेथे लिहिणारे आणि वाचणारे एकाच जिन्याने रोज ये-जा करतात, पण पत्र मात्र लेटरहेडवर, 'स. न. वि. वि.' घालून लिहिले जाते. नमुन्यासाठी असे धरू, की इमारतीतील सांडपाण्याचा उभा पाइप गळत आहे, त्याचा तडा गेलेला भाग चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेच्या ड्राय बाल्कनीतूनच हाताला येतो, त्या सदनिकेतील सभासद तीन आठवडे गावाला गेल्यामुळे काम अडून राहिले, आणि ते परतल्यावर एका दिवसात पूर्ण झाले. सचिवांना खरोखरच हायसे वाटले आहे आणि त्यांनी पुढील मसुदा तयार केला आहे:

"अखेर आपण वेळात वेळ काढून प्लंबरला घरात प्रवेश दिलात, याबद्दल संस्था आपली अत्यंत आभारी आहे. आपल्या सहकार्यामुळेच काम लांबले तरी पूर्ण होऊ शकले. कामाच्या वेळी आपण स्वतः हजर राहण्याची तसदीही घेतलीत. यापुढेही असेच सहकार्य मिळेल, ही अपेक्षा."

तपासणीची पहिली पायरी म्हणजे मसुदा सभासदाच्या जागी बसून वाचणे, आणि प्रत्येक लहान शब्द एकेक करून झाकून, तो नसताना आभाराच्या आशयात काही कमी पडते का हे पाहणे. 'अखेर' झाकला तर आभार जसेच्या तसे राहतात. म्हणजे हा शब्द आभारासाठी आलेलाच नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ एच. पी. ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात अशा प्रसंगाचे स्पष्टीकरण देणारे तत्त्व मांडले. बोलणारा सहकार्याच्या भावनेने, गरजेपुरते आणि प्रस्तुत तेच बोलतो, असे ऐकणारा गृहीत धरतो; म्हणून गरजेपेक्षा जास्त काही आले की ते का आले याचे कारण तो शोधतो, आणि जे कारण सापडते तो त्या बोलण्याचा न बोललेला अर्थ ठरतो. 'अखेर' वाचताच सभासद कारण शोधतो आणि त्याला तीन आठवडे सापडतात. सचिवांच्या मनात तो शब्द सुटकेचा निःश्वास म्हणून आला असेल, पण कागदावर निःश्वास आणि आरोप यांचे अक्षर एकच असते.

'वेळात वेळ काढून' हा शब्दप्रयोग त्याहून फसवा आहे, कारण तो मुळात आदराचा आहे. समारंभात प्रमुख पाहुण्यांचे आभार मानताना तो शोभतो; पाहुण्यांना दुसरीकडे कामे होती आणि तरीही ते आले, हे तेथे खरे असते. येथे मात्र सभासद गावाला होते आणि परतल्यावर त्यांनी लगेच दार उघडले, त्यामुळे वेळ काढण्याचा प्रश्नच नव्हता. जे घडले नाही त्याची वाखाणणी झाली, की मम्मटाच्या उदाहरणातील यंत्रणा आपोआप चालू होते. 'तसदी' या शब्दाचेही तेच. विनंती करताना 'आपल्याला तसदी देत आहे' असे म्हणणे नम्रतेचे असते, कारण तसदी देणारा स्वतःकडे कमीपणा घेतो. पण दुसऱ्याने 'तसदी घेतली' असे भूतकाळात म्हटले की एवढी साधी गोष्टही त्याला जड जाते असा भाव निघतो, आणि त्यात 'ही' जोडला की त्याच्याकडून हे अपेक्षित नव्हते असेही सुचते. स्वतःच्या घरात काम चालू असताना घरमालकाने हजर राहणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे.

सर्वांत गंभीर दोष दुसऱ्या वाक्यात आहे, आणि तो शब्दांचा नसून रचनेचा आहे. 'आपल्या सहकार्यामुळेच' हे कारण लिहिणाऱ्याने 'पूर्ण होऊ शकले' या शेवटच्या क्रियापदासाठी योजले होते. परंतु वाचणारा डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि कारण दिसले की समोर येणाऱ्या पहिल्या क्रियापदाशी ते जोडतो. ते क्रियापद आहे 'लांबले'. क्षणभर वाक्याचा अर्थ असा होतो, की सभासदाच्या सहकार्यामुळेच काम लांबले. पुढचे शब्द तो अर्थ दुरुस्त करतात हे खरे, पण एकदा वाचला गेलेला अर्थ पुसला जात नाही, आणि 'च' मुळे तो अधिकच ठाम झालेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने मधल्या गौण वाक्यांना कारण चिकटण्याचा हा धोका नेहमीचा आहे, आणि मनात योग्य अर्थ आधीच ठरलेला असल्याने तो स्वतः लिहिणाऱ्याच्या नजरेला दिसणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच मसुदा दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेण्याचा आग्रह धरला पाहिजे. घटना माहीत असलेला पण मसुदा न पाहिलेला वाचक जेथे अडखळतो किंवा नकळत सूर बदलतो, ती जागा तपासावी.

शेवटच्या वाक्यातील 'असेच' हा शब्द मागच्या मजकुराकडे बोट दाखवतो, आणि मागे विलंब, जड गेलेली हजेरी व लांबलेले काम एवढेच वर्णिलेले असल्यामुळे तो त्याच गोष्टींकडे बोट दाखवू लागतो. मम्मटाच्या उदाहरणातही उपरोधाचा शेवटचा घाव असेच वागत राहा या भावानेच बसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दाचे सामर्थ्य कळते. त्यावर 'अपेक्षा' या शब्दाने आभारपत्राचे परिपत्रक होते.

असा मसुदा हाती आला की तो गोड करण्याकडे पहिला कल असतो: 'अत्यंत' च्या जागी 'मनःपूर्वक', 'आपण' च्या आधी 'सन्माननीय', एखादे उद्गारचिन्ह. यामुळे दोष वाढतो. घटना लहान आणि विशेषणे मोठी असली की त्यांतील अंतर वाचणारा आपल्या समजुतीने भरून काढतो, आणि रोज नावाने किंवा काका म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या माणसाला पत्रात अचानक 'सन्माननीय' म्हटले की तो आदर दुरावा वाटू लागतो. अवतरणचिन्हांत टाकलेले 'सहकार्य' तर जवळजवळ नेहमीच उपरोधिक वाचले जाते. दुरुस्ती भर घालून होत नाही. हिशेबाचे शब्द काढून आणि त्या जागी घडलेल्या गोष्टी ठेवून होते.

कोणत्या गोष्टी ठेवायच्या, याला जॉन सर्ल यांच्या १९६९ मधील 'वाक्कृती' विषयक ग्रंथाचा आधार मिळतो. वाक्कृती म्हणजे बोलण्यातूनच घडणारी कृती, जसे वचन देणे किंवा आभार मानणे. सर्ल यांच्या मते आभाराला ऐकणाऱ्याने केलेली एखादी गतकाळातील कृती लागते, त्या कृतीचा बोलणाऱ्याला लाभ झालेला असावा लागतो, आणि तो लाभ झाला असे बोलणारा मानत असावा लागतो. सचिवांच्या मसुद्यात कृती आहे, पण लाभ कोठेच सांगितलेला नाही, म्हणून त्या मोकळ्या जागेत तक्रार शिरली. कृती आणि लाभ शेजारी मांडल्यावर मसुदा असा होतो:

"आपण गावाहून परतताच प्लंबरला ड्राय बाल्कनीतून काम करू दिलेत, त्यामुळे पाइपचा फुटलेला भाग एका दिवसात बदलता आला आणि खालच्या तिन्ही मजल्यांवरील गळती थांबली. दिवसभराचा आवाज आणि धूळ आपल्या घरच्यांनी सोसली, आणि बाल्कनीच्या कोपऱ्यातील दुसरा तडा आपण दाखवून दिलात, म्हणून तोही त्याच वेळी बुजवता आला. याबद्दल संस्थेतर्फे आपले आभार."

येथे 'परतताच' हा काळाचाच शब्द आहे, परंतु तो घटनेशी जुळतो आणि तत्परता दाखवतो, म्हणून राहू दिला आहे; 'तोही' मधला 'ही' तड्याला लागलेला आहे, माणसाला नव्हे, म्हणून तो बोचत नाही. याचा अर्थ हे शब्द यादी करून सरसकट वगळण्याचे नाहीत. दुसरा तडा सभासदाने दाखवला नसता, तर ते वाक्य लिहिता आले नसते, आणि मग पत्र एका वाक्याचे राहिले असते तरी चालले असते.

तीन आठवड्यांची अडचण खरी होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. मात्र तिची जागा वेगळी आहे. बाहेरगावी जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे किंवा कार्यालयात ठेवावी, अशी सर्व सभासदांना उद्देशून स्वतंत्र सूचना काढता येते, आणि ती आभारपत्रानंतर काही दिवसांनी काढणे योग्य, कारण दोन्ही कागद एकाच दिवशी मिळाले तर दुसरा कागद पहिल्याचा अर्थ ठरवतो. आभारपत्राची प्रत कोठे लावायची याचाही असाच परिणाम होतो. ज्या सूचनाफलकावर देखभाल खर्च थकवणाऱ्यांची नावे झळकतात, त्याच फलकावर एका सभासदाचे आभार नावानिशी लागले, तर निर्दोष मजकूरही जाहीर कानउघाडणीसारखा वाचला जाऊ शकतो. सचिव आणि सभासद यांच्यात आधीच कटुता असेल, तर शब्दांच्या दुरुस्तीने साधण्यासारखे फारसे उरत नाही. अशा वेळी सचिवांनी घरी जाऊन तोंडी आभार मानावेत आणि पत्रात पाइप बदलल्याची तारीख, थांबलेली गळती आणि आभार एवढेच लिहावे.