ठसा फोनमध्येच, बँकेकडे जाते ती सही

किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून ३४० रुपये भरताना आता पिनऐवजी बोट टेकवून किंवा चेहरा दाखवून काम होऊ शकतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये ही सोय जाहीर केली. सुरुवातीला ती ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी होती. मग आपल्या बोटाचा ठसा बँकेकडे जातो का? जात नाही.

ही सोय सुरू करताना फोन दोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. या किल्ल्या म्हणजे गणिताने एकमेकांशी बांधलेले मोठे आकडे. खासगी किल्ली फोनच्या चिपमधल्या सुरक्षित कप्प्यात राहते. तिथून ती बाहेर काढायची वाट ॲपलाही नसते. जोडीतली दुसरी, सार्वजनिक किल्ली तेवढी बँकेच्या यंत्रणेकडे नोंदवली जाते.

पैसे भरताना रक्कम, दुकानदाराचा तपशील आणि एकदाच वापरायचा क्रमांक फोनपुढे येतो. आपण बोट टेकवतो. सुरक्षित कप्प्यात आधीच साठवलेल्या नोंदीशी ठसा तिथल्या तिथे ताडून पाहिला जातो. जुळला, की खासगी किल्ली या तपशिलावर डिजिटल सही करते. ॲपला ठशाचं चित्र मिळत नाही, आणि बँकेकडे जाते ती फक्त सही. सार्वजनिक किल्लीने ती तपासता येते. वाटेत कुणी ३४० चे ३,४०० केले तर सही जुळत नाही. तीच सही पुन्हा पाठवली तरी क्रमांक वापरून झालेला असल्याने व्यवहार नाकारला जातो.

गावात बँक मित्राकडे आधारवर पैसे काढताना मात्र वेगळं घडतं. तिथे ठसा कूटबद्ध होऊन आधारच्या यंत्रणेकडे जातो आणि पडताळणी तिकडे होते.

फोनवरच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. बोट कुणाचं, हे बँकेला कळत नाही. फोनमध्ये नोंदवलेलं एक बोट जुळलं, एवढंच कळतं. त्यामुळे मुलाचं बोट नोंदवलेलं असेल तर त्याचीही सही चालते. नवं बोट नोंदवलं की अशी किल्ली सहसा बाद होते आणि सोय पुन्हा सुरू करावी लागते. चोराने मागाहून आपलं बोट घुसवू नये, यासाठी हा बंदोबस्त आहे.

काही फोन साध्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून उघडतात, पण पैसे भरताना बोट किंवा पिनच मागतात. तो बिघाड नव्हे. साध्या कॅमेऱ्याला फोटोने फसवता येऊ शकतं, म्हणून अँड्रॉइड अशा कच्च्या ओळखीवर ही किल्ली वापरू देत नाही.

आजच फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदवलेली बोटं मोजा. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं बोट असेल तर ते काढून टाका. फोनचा पिनही कुणाला सांगू नका, कारण नवं बोट नोंदवायला तोच लागतो.