सोयाबीनचे ४,८९२ रुपये: हमी कोणाची आणि कुठवर?

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाच्या १४ पिकांचे हमीभाव मंजूर केले. त्यात पिवळ्या सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये ठरले. आदल्या वर्षी ते ४,६०० होते. पेरण्या जेमतेम सुरू झालेल्या, शेंग धरायला अजून अवकाश, आणि तरीही ऑक्टोबरात निघणाऱ्या दाण्याची किंमत ठरून गेलेली! हा आकडा येतो कुठून, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

त्याच्या मुळाशी शेतकऱ्यांच्या रोजच्या हिशेबाच्या नोंदी आहेत. निवडलेल्या गावांत क्षेत्रकर्मचारी या नोंदी ठेवतात: बियाणं किती, खत किती, ट्रॅक्टर किती तास चालला, निंदणीला किती बाया होत्या. घरच्या माणसांनी शेतात केलेल्या कामाचीही मजुरी धरली जाते, ती कोणी हातात दिलेली नसली तरी. राज्याराज्यांतल्या या हिशेबांवरून १९६५ पासून काम करणारा कृषिमूल्य आयोग खर्चाचा अंदाज बांधतो आणि भावाची शिफारस करतो. त्या वर्षी सोयाबीनचा देशभराचा सरासरी खर्च निघाला क्विंटलला ३,२६१ रुपये. त्याची दीडपट म्हणजेच ४,८९२.

मात्र या ३,२६१ मध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचं व्याज नाही. ते धरणारा दुसरा, मोठा हिशेब आयोगाकडेच असतो, ‘दीडपट कशाची?’ हा वाद तिथून उभा राहतो. शिवाय सरासरी म्हणजे कोणा एकाचं शेत नव्हे. समजा एकरी २२ हजार रुपये खर्च झाला. सात क्विंटल पिकलं तर क्विंटलचा खर्च सुमारे ३,१४० रुपये. पावसाने दगा दिला, पाचच क्विंटल आलं, तर तोच खर्च ४,४०० वर जातो. त्या हंगामाचा हमीभाव आपल्या जागी ४,८९२. म्हणजे तो दराबद्दल बोलतो, नफ्याबद्दल नाही.

आता तो दर देणार कोण? बाजार समितीत लिलाव बोलणाऱ्या व्यापाऱ्यावर सोयाबीन या भावाने घेण्याचं बंधन ही घोषणा घालत नाही. उसाचं वेगळं आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशामुळे कारखान्याला ठरलेला किमान दर द्यावाच लागतो. सोयाबीनला असा कायदेशीर आधार नाही. सरकार स्वतः खरेदीला उतरेल, एवढाच त्याचा आधार. नाफेडसारख्या संस्थांसाठी केंद्रं उघडतात आणि तिथे हा भाव मिळतो. त्या हंगामात राज्यातल्या अनेक बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या बरंच खाली विकलं गेलं, ते म्हणूनच.

केंद्रावर भाव मिळवायचा तर आधी नोंदणी हवी आणि सातबाऱ्यावर पीकपेरा लागलेला हवा. हेक्टरी किती माल घ्यायचा याला मर्यादा असते. शिवाय हमीभाव योजनेतली केंद्राची खरेदी देशातल्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच ठरवलेली आहे. आणि सगळ्यांत अवघड दार आहे ओलाव्याचं. नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा. ऑक्टोबरच्या पावसात काढलेल्या दाण्यात तो सहज १८ टक्के भरतो.

त्या हंगामाचा एक हिशेब मांडू. शेतकऱ्याकडे १८ टक्के ओलाव्याचं २० क्विंटल सोयाबीन आहे. यात ३.६ क्विंटल पाणी आणि १६.४ क्विंटल कोरडा दाणा. समजा आडतीत आज ४,००० चा भाव मिळतो आहे. तर ८० हजार लगेच हातात. तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन १८.६४ क्विंटल उरतं. केंद्रावर त्याचे सुमारे ९१ हजार होतात. फरक अकरा हजारांचा. त्यातून वाळवणीची मजुरी, वाहतूक आणि केंद्राचा नंबर लागून पैसे खात्यावर येईपर्यंतचं थांबणं वजा करायचं. दुकानदाराची उधारी आणि रब्बीचं बियाणं डोक्यावर असलेला माणूस ८० हजार घेतो, तेव्हा त्याला हमीभाव माहीत नसतो असं नाही. तो थांबू शकत नसतो.

ओलाव्याचा हा अडसर सरकारलाही दिसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. भावात एका रुपयाचाही बदल न होता तो आणखी किती तरी शेतकऱ्यांच्या आवाक्यात येऊ शकला.

केंद्रं वेळेवर उघडली आणि पुरेसा माल उचलला गेला, तर बाहेरच्या व्यापाऱ्यालाही दर चढवावा लागतो. मग केंद्रावर न गेलेल्यालाही फायदा पोचतो. म्हणून जूनमध्ये नवा आकडा जाहीर झाला की आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात: आपल्या तालुक्यात केंद्र कोणत्या तारखेला सुरू होणार, हेक्टरी किती क्विंटल घेणार आणि किती ओलावा चालणार. या तीन उत्तरांशिवाय तो आकडा फक्त जाहीर झालेला भाव राहतो. शेतकऱ्याला मिळालेला नाही.