अंगावरचं दूध आणि पिकलेली गाठ

माहेरी आलेली बाळंतीण, बाळ 19 दिवसांचं. चार दिवसांपासून तिच्या डाव्या बोंडाला चीर पडली आहे. बाळ ओढायला लागलं की कळ मस्तकात जाते, म्हणून त्या बाजूला ती त्याला थोडंच घेते. आज संध्याकाळी तिला एकाएकी हुडहुडी भरून आली. ताप 102, अंग मोडून आलेलं, आणि डाव्या स्तनाच्या वरच्या बाजूला, काखेच्या दिशेने, तळहाताएवढा भाग लाल, गरम, कडक झालेला. हात लावू देत नाही.

हे उदाहरण मी समजावून सांगण्यासाठी रचलं आहे, पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका डॉक्टरांना नवीन नाहीत. याला स्तनदाह म्हणतात. घरी त्या रात्री तिला तीन सल्ले मिळतात. आई म्हणते, "दूध साकळलंय गं, गरम शेक दे आणि तेल लावून गाठ चोळून मोकळी कर." मावशी म्हणते, "त्या बाजूचं पाजू नकोस, बाळाला बाधेल." आणि थोरली जाऊ फोनवर सांगते, घरात मागच्या वेळच्या गोळ्या उरल्यात, त्या घेऊन टाक. तिघींची माया खरी आहे. पण तिन्ही सल्ल्यांनी दुखणं वाढू शकतं.

गाठ चोळण्यापासून सुरू करू. आपल्याला वाटतं, दुधाचा गोळा नळीत अडकलाय आणि दाबला की सुटेल. आत प्रत्यक्षात असं घडतं की दुधाच्या बारीक नळ्यांभोवतालचा भाग सुजतो आणि त्या सुजेने नळ्याच दबून अरुंद होतात. बाहेर ढकलायला तिथे गोळा नसतो. जोरात चोळलं की नाजूक पेशी दुखावतात आणि सूज आणखी वाढते. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2022 साली आपल्या सूचना बदलल्या, त्या याच कारणाने. जोरात मालीश नको, गरम शेकापेक्षा गार पट्टी बरी, आणि स्तन रिकामा करण्यासाठी पंप लावून पुन्हा पुन्हा दूध काढणं नको. पूर्वी डॉक्टरही "पूर्ण रिकामं कर" असंच सांगत. पण जितकं जास्त काढाल तितकं शरीर जास्त बनवतं, आणि भरलेल्या सुजेत आणखी भर पडते. म्हणून बाळ जेव्हा मागेल तेव्हा, नेहमीइतकंच पाजावं. बाळाने घेतलंच नाही आणि छाती टणक झाली, तर हाताने हलकेच, आराम पडेल एवढंच काढावं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर जेवल्यानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम घेता येतं. ते दुखणं आणि सूज दोन्हींवर चालतं आणि दुधात अगदी नगण्य उतरतं. पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणारीने मात्र ते टाळून पॅरासिटामॉल घ्यावं.

आता मावशीची भीती. ती समजण्यासारखी आहे, पण या दुखण्यात सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. स्तनदाह करणारे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात. ते आईच्या त्वचेवर आणि बाळाच्या नाकातोंडात आधीपासूनच राहत असतात. बाळाला त्या दुधातून नवं काही मिळत नाही. उलट दुधात त्यांच्याशी लढणारे घटक असतात. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला ते दूध सुरक्षित आहे. पाजणं अचानक थांबवलं तर दूध आत तुंबतं आणि पू होण्याचा धोका वाढतो. एक अडचण येते: सुजलेल्या बाजूचं दूध थोडं खारट लागतं, म्हणून बाळ तोंड फिरवतं. ते दूध खराब झाल्याचं लक्षण नव्हे. अशा वेळी आधी चांगल्या बाजूला पाजावं, पान्हा फुटला की दुखऱ्या बाजूला घ्यावं. खरा अपवाद एचआयव्ही असलेल्या आईचा: तिने दुखऱ्या बाजूचं दूध बरं होईपर्यंत बाळाला देऊ नये, ते काढून टाकावं आणि तातडीने डॉक्टरांना भेटावं. अतिदक्षता विभागातल्या कमी दिवसांच्या बाळाबाबतही तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

ताप आला म्हणजे लगेच अँटिबायोटिक, असंही नाही. नुसत्या सुजेनेही थंडी वाजून ताप येतो. गार पट्टी, आयबुप्रोफेन आणि नेहमीचं पाजणं यांनी 24 तासांत उतार पडला तर गोळ्यांची गरज पडत नाही. उतार नसेल, किंवा सुरुवातीलाच ताप जोराचा आणि बोंडाला उघडी चीर असेल, तर थांबू नये. आपल्या बाळंतिणीला दोन्ही आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात नेलं.

इथे जावेच्या उरलेल्या गोळ्यांकडे येऊ. घराघरांत उरलेली पट्टी बहुधा साध्या अमॉक्सिसिलिनची असते. स्टॅफिलोकॉकसच्या बहुतेक जाती असं एक रसायन बनवतात की ते साध्या पेनिसिलिनला आणि अमॉक्सिसिलिनला मोडून टाकतं. त्यामुळे ती गोळी घेतली तरी जंतू मरत नाहीत, आणि पू धरायला लागणारा वेळ मात्र निघून जातो. इथे चालतात ती या रसायनाला पुरून उरणारी औषधं: क्लॉक्सासिलिन, डायक्लॉक्सासिलिन, किंवा सेफॅलेक्सिन. सेफॅलेक्सिन सहसा 500 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा ते चौदा दिवस. चार वेळा गोळी घेणं बाळंतिणीला जिकिरीचं असतं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला की पट्टी अर्धवट राहते आणि दुखणं उलटतं. घरातल्या कोणीतरी वेळा सांभाळाव्यात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं. तेव्हा क्लिंडामायसिनचा पर्याय असतो.

आपल्या बाळंतिणीला सेफॅलेक्सिन सुरू झालं. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली: 48 तासांनी पुन्हा दाखवायला या, बरं वाटलं तरी या. अशा भेटीचं महत्त्व मला औषधाइतकंच वाटतं, कारण स्तनदाहाचं गळवात रूपांतर होतं ते याच काळात, आणि ते लक्षात येतं ते तपासल्यावरच.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ताप 100 वर उतरलेला, पण सगळीकडे पसरलेली लाली आता एकाच जागी गोळा झाली होती. तिथली त्वचा ताणून चकचकीत दिसत होती, आणि दोन बोटांनी आळीपाळीने दाबलं की आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं हलत होतं. गळू खोल असेल तर हे हाताला लागतही नाही. ताप आणि गाठ गोळ्यांना दाद देत नाहीत एवढीच खूण उरते. म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. त्यात 3 सेंटीमीटरचा पुवाचा साठा दिसला.

पू झाला की नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. शरीर त्या पुवाभोवती भिंत उभी करतं आणि आत रक्तवाहिन्या नसतात. औषध रक्तातून पोचतं, त्यामुळे भिंतीच्या आत पुरेसं जातच नाही. पू बाहेर काढावाच लागतो. पण म्हणजे लगेच भूल आणि चाकू, असं नाही. आज बहुतेक गळवांसाठी सुई हा पहिला मार्ग आहे. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, जाड सुईने पू ओढून घेतात. तिच्या गळवातून 12 मिलिलिटर पू निघाला. काम झाल्यावर थोड्याच वेळात ती बाळाला घेऊन घरी गेली. असं एकदा केल्यावर पुरतंच असं नाही. पू पुन्हा भरतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी परत सोनोग्राफी करून उरलेला काढतात. तिचा दुसऱ्या खेपेला 4 मिलिलिटर निघाला, तिसऱ्या खेपेला काहीच नाही.

निघालेला पू फेकून न देता कल्चरला पाठवायलाच हवा. तिच्या अहवालात एमआरएसए आला, म्हणजे क्लॉक्सासिलिन आणि सेफॅलेक्सिन या दोन्हींना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि गोळ्या बरोबर असूनही गाठ का विरघळत नव्हती याचं अर्धं उत्तर त्यात होतं. अहवालाप्रमाणे तिला क्लिंडामायसिन दिलं. हे घेताना बाळाला पातळ शी होऊ शकते. शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. को-ट्रायमॉक्साझोल हाही पर्याय असतो, पण बाळ महिन्याच्या आतलं असेल, कावीळ असेल, किंवा त्याला जी-6-पीडीची कमतरता असेल तर तो देत नाहीत. आपलं बाळ तेवढं मोठं नव्हतं, म्हणून तो सोडला. एकाच जंतूवर दोन आयांना दोन वेगळी औषधं का मिळतात, ते बाळाच्या वयावरूनही ठरतं.

चिरून पू काढावा लागतो तो वेगळ्या परिस्थितीत: गळू 5 सेंटीमीटरहून मोठं असेल, आत कप्पे पडले असतील, वरची त्वचा पातळ किंवा काळपट होऊन फुटायच्या बेतात असेल, किंवा दोन-तीनदा सुई लावूनही पू भरत राहिला असेल. तेव्हाही शक्य असेल तिथे छोटासा छेद घेऊन त्यात निचऱ्याची बारीक नळी ठेवणं पुरतं. छेद बोंडापासून दूर घेतात, म्हणजे बाळाचं तोंड जखमेवर येत नाही आणि पाजणं चालू राहतं. छेद बोंडालगत आला किंवा पू बोंडातूनच येत असेल, तर त्या बाजूचं दूध थोडे दिवस काढून टाकावं आणि दुसऱ्या बाजूला पाजत राहावं. जखमेतून काही दिवस दूध झिरपलं तर घाबरायचं कारण नाही, ते बहुधा आपोआप थांबतं. दूध बंद करायच्या गोळ्या यासाठी सहसा लागत नाहीत.

ज्या बाईला ताप उतरेना, नाडी जोरात धावते, उलट्या होतात, ग्लानी येते किंवा लाली तासागणिक पसरते, तिने या सगळ्या पायऱ्यांची वाट बघू नये. तिला रुग्णालयात भरती करून शिरेतून औषध द्यावं लागतं.

आणि शेवटी राहिलेली गाठ. पू निघाल्यावर, लाली गेल्यावरही तिथे चिवट, न दुखणारा कठीणपणा काही आठवडे राहतो आणि तो हळूहळू विरतो. तो विरला नाही, वाढत गेला, किंवा अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊनही लाली तशीच राहिली, तर पुन्हा सोनोग्राफी आणि बायोप्सी करायला हवी. गळू पुन्हा पुन्हा होत असेल तर पू क्षयरोगासाठीही तपासतात, कारण स्तनाचा क्षयरोग आपल्याकडे आढळतो आणि साध्या अँटिबायोटिकला तो बधत नाही. स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकारही अशीच लाली आणि सूज घेऊन येतो, आणि पाजणाऱ्या बाईला "हे दुधाचंच आहे" म्हणून तो बराच काळ लपून राहतो.