काकांची जिम: एका खेपेला किती रुपये?

आमच्या शाळेत पहाटेची पीटी चुकवता येत नाही आणि तिचे वेगळे पैसेही मोजावे लागत नाहीत. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मल्लेश्वरमला काकांकडे गेलो तेव्हा त्यांचा वाद मला मजेशीर वाटला. जिमची वर्षाची मेंबरशिप संपत आली होती. ती पुन्हा घ्यावी, असं काकांचं म्हणणं. काकू म्हणत होत्या, पैसे पाण्यात गेले.

मी वही घेतली. फी १६,००० रुपये आणि सुरुवातीची नोंदणी २,०००, म्हणजे करासकट १८,००० रुपये. त्याच जिममध्ये एका दिवसाचे सुटे पैसे दिले तर २०० रुपये पडतात. १८,००० ला २०० ने भागलं की ९० येतात. वर्षात नव्वदपेक्षा जास्त वेळा गेलं, तरच मेंबरशिप स्वस्त. रिक्षाचं भाडं मी धरलं नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच लागतं.

काकांच्या मते ते ‘आठवड्याला तीनदा तरी’ जात होते. पण दारातल्या अंगठ्याच्या मशीनमध्ये प्रत्येक हजेरी नोंदलेली असते. ती यादी मागवली. जानेवारीत १४, फेब्रुवारीत ९, मार्चमध्ये ५, एप्रिलमध्ये ३, मे महिन्यात शून्य, जूनमध्ये ४. पुढच्या सहा महिन्यांत मिळून ५. एकूण ४०. म्हणजे एका खेपेला ४५० रुपये पडले. सुटे पैसे दिले असते तर ८,००० त काम झालं असतं.

काकांची चूक भागाकारात नव्हती. त्यांच्या डोक्यात जानेवारीच होता. तो आकडा बारापट केला तर १६८ खेपा होतात आणि खर्च १०७ रुपयांवर येतो.

ही चूक फक्त काकांची नाही. डेलाव्हिन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या हजेरीचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक सरासरी ४.३ वेळाच जात होते. त्यांना एक खेप १७ डॉलरच्या वर पडत होती आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच १० डॉलरला मिळत होती.

काकांनी मग चांगला मुद्दा काढला: “पैसे भरलेले असले की जायची टोचणी राहते.” खरं आहे. भरलेले पैसे परत येत नाहीत, त्यामुळे पुढची खेप फुकटच असते. पण ही टोचणी मार्चमध्येच बोथट झाली होती, हे यादीत दिसतच होतं.

नूतनीकरणाला नोंदणी लागत नाही, १६,००० रुपये. मी शेवटच्या सहा महिन्यांचा आकडा धरला, कारण नवेपणाचा उत्साह त्यात नसतो. पाच खेपा, म्हणजे वर्षाला दहा. एका खेपेला १,६०० रुपये!

काका बराच वेळ वहीकडे बघत होते. आता ते जातील त्या दिवशी दोनशे रुपये देतात. काकूंनी फ्रिजवर कागद लावलाय आणि प्रत्येक खेपेला त्यावर एक रेघ ओढतात. मागच्या रविवारी फोन केला तेव्हा सात रेघा होत्या.