छपरावरच्या विजेचा जमाखर्च

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. छपरावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तेव्हा त्यांनी हिशेबासाठी वेगळी वही घातली. मागच्या मे महिन्यात एका सकाळी ते दोन बिले आणि ती वही घेऊन माझ्याकडे आले. "मार्चअखेर माझी दोनशे बारा युनिटे शिल्लक होती. उन्हाळ्यात मुलगी, नातवंडे येणार, दोन कूलर चालणार, म्हणून मी ती राखून ठेवली. एप्रिलच्या बिलात मागची शिल्लक शून्य! माझी युनिटे गेली कुठे?"

गुरुजींचा प्रश्न रास्त होता. पण त्याच्या आधी त्यांना दुसरीच एक शंका छळत होती, तिच्यापासून सुरुवात केलेली बरी. पॅनेलच्या सोबत भिंतीवर जी पेटी असते, जिला इन्व्हर्टर म्हणतात, तिच्यावर मार्च महिन्यात ३७२ युनिटे तयार झाल्याचे दिसत होते. बिलात मात्र त्यांच्या नावे २२४ युनिटेच जमा. मग बाकीची १४८ कोणी घेतली?

ती कोणीच घेतली नाहीत, गुरुजींच्या घरातच ती खर्च झाली. छपरावर वीज तयार होते तेव्हा ती प्रथम घरातला पंखा, फ्रीज, पाण्याचा पंप यांना पुरते आणि त्यातून उरली तरच बाहेरच्या तारेवर जाते. नेट मीटर हा अंगणाच्या फाटकावर बसलेल्या राखणदारासारखा आहे. फाटकातून आत काय आले आणि बाहेर काय गेले, एवढेच तो लिहितो. परसात पिकून परसातच शिजलेली भाजी त्याच्या वहीत कशी यावी? आत आलेल्या विजेला बिलात आयात, म्हणजे इम्पोर्ट म्हणतात, आणि बाहेर गेलेल्या विजेला निर्यात, म्हणजे एक्स्पोर्ट. दोन्हींचे आकडे वेगवेगळे चढत जातात आणि कधीही उतरत नाहीत.

आता गुरुजींचे मार्चचे बिल पाहू. आयातीचे मागील रीडिंग ४३१८ आणि चालू रीडिंग ४४९४, म्हणजे रात्री आणि सकाळ-संध्याकाळ मिळून त्यांनी बाहेरून घेतलेली युनिटे १७६. निर्यातीचे मागील रीडिंग ५७०२ आणि चालू ५९२६, म्हणजे दिलेली युनिटे २२४. घेतल्यापेक्षा ४८ जास्त दिली. ही ४८ त्यांच्या खात्यात जमा झाली. फेब्रुवारीची शिल्लक १६४ होती, तीत ४८ मिळवली की २१२ होतात. वहीतला आकडा बरोबर होता. घराचा खरा वापर काढायचा असेल तर घरात थेट खर्च झालेली १४८ आणि बाहेरून घेतलेली १७६ यांची बेरीज करावी, ती ३२४ येते. हा आकडा बिलात कुठेच छापलेला नसतो, तो आपणच काढायचा.

घेतलेली युनिटे जास्त झाली तर आधी मागची शिल्लक वापरली जाते, आणि ती संपल्यावर जे उरेल त्याचेच पैसे लागतात. पावसाळ्यात असे हमखास होते. समजा जुलैत १९० घेतली, १०२ दिली, आणि मागची शिल्लक ३१ आहे. फरक ८८ चा, त्यातून ३१ वजा केली की ५७ उरतात. ऊर्जेची आकारणी या ५७ वर होते, आणि तीही शंभर युनिटांपर्यंतच्या पहिल्या, स्वस्त टप्प्याने. पुढच्या महिन्याला नेण्याची शिल्लक शून्य. मात्र आकारणीची युनिटे शून्य आली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. "बिल शून्य येईल" असे कोणी सांगितले असेल तर ते अर्धेच खरे आहे.

महिन्या-महिन्याला जुळवून पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. या बिलाच्या शेवटी दाखवलेली शिल्लक पुढच्या बिलाच्या आरंभी तशीच आली पाहिजे, आणि या बिलाचे चालू रीडिंग पुढच्या बिलाचे मागील रीडिंग असले पाहिजे. निर्यातीचे मागील आणि चालू रीडिंग एकच छापलेले दिसले, तर त्या महिन्याची निर्यात धरलीच गेली नाही असे समजावे. मीटरचा आकडा चढताच असल्यामुळे ती युनिटे पुढच्या वाचनात सापडतात, पण तोवर जादा पैसे भरावे लागतात. म्हणून लगेच मीटरचे छायाचित्र जोडून अर्ज द्यावा. पुष्कळ मीटरांच्या पडद्यावर 1.8.0 या खुणेपुढे आयात आणि 2.8.0 पुढे निर्यात दिसते. खात्री नसेल तर रात्री दिवे लावून पाहावे. त्या वेळी जो आकडा चढेल तो आयातीचा. भर दुपारी घरातली यंत्रे बंद करून पाहिले की निर्यातीचा कळतो.

आणखी एक सांगून ठेवतो. नेट मीटर बसण्याआधी पॅनेल सुरू करण्याची घाई करू नये. अनेक साधी इलेक्ट्रॉनिक मीटरे वीज कोणत्याही दिशेने गेली तरी ती वापर म्हणूनच मोजतात. तुम्ही वीज देता आणि बिल वाढते! तसेच बाहेरची वीज गेली की बॅटरीशिवायचा सौर संच स्वतःहून बंद पडतो, नाही तर तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका होईल. ज्या गावी भर दुपारी भारनियमन असते तिथे निर्यात कमी दिसली, तर दोष पॅनेलचाच असेल असे नाही.

आता गुरुजींची २१२ युनिटे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे युनिटांचे हे खाते आर्थिक वर्षाचे, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्चचे असते. वर्षाअखेर जी शिल्लक राहील ती वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि युनिटांचे खाते पुन्हा शून्यावर येते. म्हणजे युनिटे गेली नाहीत, त्यांचे रुपये झाले. पण तो दर आपण वीज घेतो त्या दराहून बराच कमी असतो. गुरुजींनी एप्रिलमध्ये २३१ घेतली आणि २०८ दिली, तेव्हा २३ युनिटांचे पैसे त्यांना भरावे लागले. राखलेली युनिटे हाताशी असती तर हे २३ त्यांतून सहज वळते झाले असते. खरी गोम हीच आहे. आपल्याकडे हिवाळ्यात पंखे बंद असतात आणि ऊन स्वच्छ असते, त्यामुळे शिल्लक साठते. ती हवी असते एप्रिल-मेच्या कूलरला, आणि नेमकी त्याच वेशीवर पाटी पुसली जाते.

त्या रुपयांची नोंद नवीन वर्षाच्या सुरुवातीच्या बिलांत शोधावी, युनिटांच्या रकान्यात नव्हे तर रकमेच्या वजाबाकीत. गुरुजींनी चष्मा लावून पुन्हा पाहिले. एप्रिलच्या बिलात ती नोंद नव्हती. मी त्यांना मार्च आणि एप्रिलच्या दोन्ही बिलांच्या प्रती जोडून लेखी विचारणा करायला सांगितले. पुढच्या बिलात ती रक्कम वजा होऊन आली. वहीत त्यांनी तिच्यासाठी नवा रकाना आखला आहे, आणि यंदा पाण्याची टाकी, इस्त्री आणि धुण्याचे यंत्र ही कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळ्या हाताने उरकून घ्यायची असे घरात सांगून ठेवले आहे.